तेलाचं पाकीट की डबा: नवशिक्यांसाठी भागाकार

साहित्य: चष्मा, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि मागच्या गिऱ्हाइकाचं “उरका की राव” सोसण्याइतकी जाड कातडी. स्थळ: हिमायतनगरातलं कोणतंही किराणा दुकान. भोवतालच्या शिवारात सोयाबीन पिकतं म्हणून त्याचं तेल ओळखीच्या माणसाला स्वस्त मिळेल, हा भ्रम दाराबाहेरच ठेवावा.

दोन पाकिटं शेजारी ठेवा. समजा, एक 140 रुपयांना, दुसरं 132 ला. उंची, रुंदी, फुलांचं चित्र सगळं सारखं. नवशिका 132 चं उचलतो आणि आठ रुपये वाचले म्हणून घरी सांगतो. तुम्ही पाकीट उलटं करा आणि शिवणीजवळचं बारीक अक्षर वाचा. पहिल्यात एक लिटर म्हणजे 910 ग्रॅम तेल आहे, दुसऱ्यात 840 ग्रॅम. किमतीला ग्रॅमने भागा, हजाराने गुणा. पहिलं पडलं किलोला 153 रुपये 85 पैसे, दुसरं 157 रुपये 14 पैसे.

भागायचं ते वजनानेच, लिटरने नव्हे. तेल उन्हाने फुगतं. 910 ग्रॅमचा हिशेब साधारण 30 अंशांचा; आपल्याकडच्या मे महिन्यात त्याच लिटरात काही ग्रॅम तेल कमी बसतं.

आता डबे. 15 चा डबा 2,150 ला आणि 15 चाच डबा 2,310 ला. इथं भले भले फसतात, कारण दोन्हींवर आकडा 15 च. पहिला 15 लिटरचा, म्हणजे 13 किलो 650 ग्रॅम. दुसरा 15 किलोचा. भागून पाहा: 157 रुपये 51 पैसे आणि 154 रुपये. “मालक, लिटरचा का किलोचा?” एवढं विचारलं की मालक तुमच्याकडे जरा आदराने बघतो. पण 15 किलोचा डबाही एक लिटरच्या पाकिटापेक्षा पंधरा पैशांनी महागच निघाला, हे त्याला सांगू नका.

हे कष्ट वाचावेत म्हणून 2021 मध्ये वेष्टित मालाच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि एककाचा दर छापणं आलं. मात्र किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅममागे असतो, दोनच दशांशांत. ‘₹0.15’ मध्ये किलोला 145 पासून जवळजवळ 155 पर्यंत काहीही मावतं. शिवाय तो छापील किमतीवरून काढलेला. दुकानदार त्याहून कमी घेत असेल तर तुमचा भागाकार तुम्हीच करायचा.

रिकामा डबा पिठाला होतो, त्याचे हवे तर थोडे रुपये वजा करा. घरात दोनच माणसं असतील तर मात्र तळाचं तेल खवट होईल, ते फेकलेलं वजन भागाकारातून आधीच काढा. आणि डबा घरात आला की भजी आठवड्यातून दोनदा होतात, त्याला सूत्र नाही.