जरा अकॅडमिक करून द्या

समजा, संपादकाकडे आलेल्या प्रबंधाच्या सारांशात वाक्य आहे: ‘साठ शेतकऱ्यांना विचारलं, ठिबक बसवल्यावर पाणी कमी लागलं असं बहुतेकांनी सांगितलं.’ सोबत निरोप, ‘जरा अकॅडमिक करून द्या.’ मग भाषेला कोट-टाय चढतो: ‘ठिबक सिंचनामुळे पाणीवापरात लक्षणीय घट होते, हे सिद्ध झाले.’ वाक्य रुबाबदार झालं खरं, पण ‘सांगितलं’चं ‘सिद्ध झाले’ झालं, ‘बसवल्यावर’चं ‘मुळे’ झालं, ‘लागलं’चं त्रिकालाबाधित ‘होते’ झालं आणि न केलेली सांख्यिकी चाचणी ‘लक्षणीय’मधून गुपचूप आत शिरली. बदलायचं होतं ते एवढंच: ‘सर्वेक्षणातील ६० शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी ठिबक सिंचन बसवल्यानंतर पाणी कमी लागल्याचे नोंदवले.’

यावर मार्गदर्शक म्हणतील, हे फारच लेचंपेचं वाटतं. वाटणारच, पाणी कुणी मोजलेलंच नाही, आणि क्रियापद बदलून मीटर बसत नाही. उलट ‘कदाचित असे सूचित होऊ शकते’ हा सोवळेपणाही खोटाच, कारण शेतकऱ्यांनी सांगितलं हे तर नक्की आहे. ‘बहुतेक’ म्हणजे साठापैकी किती, हे मात्र संशोधकालाच विचारावं लागेल. मौखिक परीक्षेत तो प्रश्न येतोच, आणि तिथे संपादक शेजारी बसलेला नसतो.