कारण : इतर

राजीनाम्याचं पत्र लिहायला मला तीन रात्री लागल्या, यातच माझ्या स्वभावाचं निदान आहे. बाकीचे लोक इंटरनेटवरचा तयार मसुदा उचलतात, ‘आय हियरबाय टेंडर’पासून ‘इन्व्हॅल्युएबल लर्निंग’पर्यंत सगळं तसंच ठेवून फक्त तारीख बदलतात आणि जेवायला जातात. मला ते पटेना. इतकी वर्षं ज्या कंपनीत कोड लिहिला, तिथून जाताना आपलं पत्र वाचून निदान एका व्हाइस प्रेसिडेंटच्या डोळ्यांत पाणी यावं, अशी माझी माफक अपेक्षा होती. म्हणून मी ते आधी मराठीत लिहिलं. खाली इंग्रजी मजकूर जोडला, तो त्यांच्या सोयीसाठी. शिवाय सांगलीहून बाबांचा रोज फोन होता, ‘कागद लिहिलास का? काय लिहिलंस? मला वाचायला पाठव.’

पण पत्र द्यायचं कुणाला? हल्ली राजीनामा कुणाच्या हातात देत नाहीत, पोर्टलवर भरतात. तिथे `Reason for Leaving` या नावाखाली एक यादी उघडते. उच्च शिक्षण आहे, लग्न आहे, आजारपण आहे, परदेश आहे, चांगली संधी आहे. ‘घरचा धंदा’ नाही. ज्या देशात पाणीपुरीवाल्यापासून पोलादवाल्यापर्यंत निम्मे लोक बापाच्या गादीवर बसतात, तिथल्या कंपनीला ही शक्यता सुचलेलीच नाही. मी `Other` निवडलं. खाली एक चौकोन उघडला आणि मी माझं वाङ्मय त्यात ओतलं.

आता थोडं तांत्रिक. त्या चौकोनामागे डेटाबेसमध्ये जी जागा होती, ती अशी :

```
REASON_TEXT VARCHAR2(255 BYTE)
```

म्हणजे 255 अक्षरं नव्हेत, 255 बाइट. साधं रोमन अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8मध्ये तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘राजीनामा’ हा दिसायला चार अक्षरांचा शब्द आठ चिन्हांचा आणि चोवीस बाइटांचा आहे. भला डेटाबेस अशा वेळी मजकूर नाकारतो आणि त्रुटी दाखवतो. पण हे पोर्टल बांधणाऱ्याने सौजन्य म्हणून आधीच कात्री लावून ठेवली होती. जेवढं मावेल तेवढं आत, उरलेलं हवेत, आणि वर हिरवी बरोबरची खूण. माझ्या दोन पानांतलं आत गेलं ते एवढंच :

‘वडिलांचं वय झालं. दुकानात आता दुसरं कोणी नाही. म्हणून यापुढे पेवात मलाच उतरावं लागणार आहे, कायमचं’

शंका असेल त्याने मोजून पाहावं, बरोबर 255 भरतात. पुढचे शब्द होते ‘सांगलीला राहून दुकान बघायचं ठरलं आहे’. ते गेले, आणि त्यांच्यामागून अख्खं इंग्रजी गेलं.

दहा मिनिटांत एचआरमधल्या अमरावतीच्या मुलीचा फोन. ‘सर, तुम्ही आत्ता कुठे आहात? जवळ कोणी आहे का?’

‘कॅन्टीनमध्ये आहे. जवळ सामोसा आहे.’

‘सर, हे पेव म्हणजे काय हो?’

‘जमिनीतला खड्डा.’

ती काही बोलली नाही. अर्ध्या तासात माझी कंपनीच्या समुपदेशक बाईंशी भेट ठरली होती.

आता पेव हा विषय निघाला की मला आवरत नाही. घरातले उठून जातात, मित्र फोन आल्याचं नाटक करतात. बाईंना मात्र ऐकण्याचाच पगार होता. मी त्यांना हरिपूर सांगितलं, सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. तिथली माती अशी घट्ट की विहिरीसारखं खोल खणलं तरी भिंत ढासळत नाही. तोंड एका माणसापुरतं, आत पोट रांजणासारखं फुगलेलं. तळाला आणि कडेला पाला लावायचा, हळद भरायची, तोंड मातीने लिंपून बंद करायचं. आत हवा खेळत नाही. आहे तेवढा प्राणवायू संपला की कीड आपोआप मरते, आणि हळकुंड वर्षानुवर्षं टिकतं. वीज नाही, औषध नाही, भाडं नाही. आमच्या कंपनीच्या सर्व्हर रूमला एक एसी बंद पडला तर घाम फुटायचा, हेही मी ओघात सांगून टाकलं.

‘आणि तुम्ही त्यात उतरता तेव्हा कसं वाटतं?’ बाईंनी विचारलं.

‘लगेच नाही उतरता येत. आत विषारी हवा साठलेली असते, माणूस गुदमरतो. आधी तोंड उघडून काही तास ठेवायचं. मग दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडायचा. विझला तर उतरायचं नाही.’

‘तुमचा कंदील... विझतो का हल्ली?’

मी म्हटलं, कधीकधी. त्यांनी ते लिहून घेतलं.

हसतो आहे खरा, पण तिथे बसल्याबसल्या एक गोष्ट आठवली आणि ती मी बाईंना सांगितली नाही. 2005च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपूरच्या पेवांत शिरलं. हळद भिजली म्हणजे संपली. ती कुजते, आणि पेव उघडलं की वास गल्लीभर येतो. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. बाबा फोनवर म्हणाले, ‘पाणी ओसरलं. तू अभ्यास कर.’ फी नेहमीच्या तारखेला आली. ती शेजारच्या अडत्याकडून उसनी घेऊन आली होती आणि पुढे तीन हंगाम फिटत होती, हे मला नोकरी लागल्यावर कळलं, तेही आईकडून. तेव्हापासून कुणी ‘अरेरे, एवढं शिकून आता हळद विकणार?’ म्हणालं, की माझं डोकं फिरतं. ते शिक्षण हळदीनेच विकत घेतलेलं होतं. आता बहुतेकांनी माल शीतगृहात हलवलाय. बाबांनी दोन पेवं हट्टाने ठेवली आहेत आणि सत्तरी ओलांडून परवापर्यंत स्वतः शिडीवरून उतरत होते. परवा गुडघा अडकला.

तर व्हाइस प्रेसिडेंटच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यांनी मला आठवडाभर सुटी घ्यायला सांगितलं आणि नोटिशीचे नव्वद दिवस तसेच ठेवले. माझ्यावाचून अडेल असं जे मॉड्यूल मी मनात जपलं होतं, ते एका नव्या मुलीने दोन दुपारांत समजून घेतलं आणि तिसऱ्या दुपारी त्यातलं निम्मं काढून टाकलं. ते आधीपेक्षा वेगाने चालतं. सुटकेच्या पत्रावर कारण छापून आलं, ‘प्रकृती’.

मूळ मराठी पत्र मी छापून सांगलीला नेलं. मार्केट यार्डातल्या गादीवर बाबांनी चष्मा लावला, खतावणीचं लाल पेन घेतलं.

‘वडिलांचं वय झालं?’ ओळीवर रेघ. ‘कुणी सांगितलं तुला?’

‘बाबा, ते आपलं कारण म्हणून...’

‘दुकानात दुसरं कोणी नाही? म्हणजे मी कोण, तागडी?’ दुसरी रेघ.

मग ‘पेवात मलाच उतरावं लागणार आहे’पाशी पेन थांबलं. समोरच्या ढिगातलं एक हळकुंड उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं. ‘मोड.’ मी मोडलं. कट् असा आवाज व्हायला हवा, तो झाला नाही, नुसतं वाकून तुटलं.

‘ओलं आहे,’ मी म्हणालो.

‘तेवढं कळतं म्हणजे. भाव काय देशील?’

मी दिला. गादीवरचे दिवाणजी खोकल्याचं निमित्त करून हसले, दारातला हमाल निमित्त न करताच हसला. बाबांनी तिसऱ्या वाक्यावरही रेघ मारली.

‘पेवाचं नंतर बघू,’ ते म्हणाले. ‘आधी वर्षभर कंदील सोड.’