सोसायटीच्या ग्रुपवरील आगमन-संदेश : रचना, वेळ आणि पथ्ये

गृहनिर्माण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्याने दाखल झालेली व्यक्ती आपली ओळख करून देण्यासाठी जो पहिला मजकूर टाकते, त्यास प्रस्तुत विवेचनात ‘आगमन-संदेश’ असे म्हटले आहे. लिहिणारा या संदेशाला नमस्कार समजतो आणि वाचणारे त्याला अर्ज समजतात. पुढे उद्भवणारे बहुतेक अनर्थ या एकाच तफावतीतून निघतात. वाचणाऱ्यांच्या मनात त्या वेळी तीनच प्रश्न असतात : फ्लॅट कोणता, राहायला आलेला माणूस मालक की भाडेकरू, आणि याची गाडी कुठे लागणार. या तिन्हींचे उत्तर न देणारा संदेश कितीही गोड असला, तरी अपूर्ण अर्जासारखा समजला जातो आणि अपूर्ण अर्जावर येतात तसे त्याच्यावर शेरे येतात.

पूर्वतयारी

संदेश लिहिण्याआधी प्रोफाइलवरील नाव तपासणे आवश्यक असते. ज्यांच्या फोनमध्ये नवागताचा क्रमांक साठवलेला नसतो त्यांना, म्हणजे आरंभी जवळजवळ सर्वांनाच, त्याचे प्रोफाइलवर घातलेले नाव नागमोडी रेघेच्या चिन्हामागे दिसते. परिणामी कॉलेजच्या दिवसांत हौसेने ठेवलेले ‘सिंगल वाघ’ हे नाव सोसायटीचे सचिव, खजिनदार आणि ए विंगमधील सर्व काकू यांच्यासमोर एकाच वेळी प्रकट होते आणि त्याखाली लिहिलेल्या ‘आदरणीय मंडळी’ या शब्दांचे वजन तेवढ्याने कमी होते. यावर उपाय सोपा आहे : प्रोफाइलवर पूर्ण नाव घालावे आणि त्यापुढे विंग व फ्लॅट क्रमांक जोडावा, म्हणजे तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर मजकूर लिहिण्यापूर्वीच देऊन होते.

वेळेची निवड

ग्रुपमध्ये नव्याने आलेल्यास आधीचे संभाषण सहसा दिसत नाही, त्यामुळे तेथे त्या क्षणी कोणते प्रकरण चालू आहे याची त्याला कल्पना नसते. म्हणून दाखल झाल्यापासून किमान एक दिवस केवळ वाचत राहावे. मात्र लिंकवरून कोणी आत आले की तशी नोंद ग्रुपमध्ये उमटत असल्याने हे मौन तीन दिवसांपलीकडे लांबवू नये, कारण चौथ्या दिवसापासून त्यास शिष्टपणा म्हणण्याचा प्रघात आहे.

सकाळी सहा ते आठ हा काळ सूर्योदय, गुलाब आणि सुविचार यांच्या चित्रांचा असून त्यात पडलेला संदेश सापडत नाही. पाण्याच्या टँकरचे बिल कोणी व किती द्यावे या वादाच्या मध्यावर नमस्कार केल्यास बिल वाटून घ्यायला आणखी एक घर मिळाले, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. परंतु सर्वांत धोक्याची वेळ श्रद्धांजलीची होय. एखाद्या ज्येष्ठ रहिवाशाच्या निधनाची वार्ता आली की तिच्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागते, आणि स्वागतासाठीही लोक तीच चित्रे वापरतात. अशा रांगेच्या मधोमध आगमन-संदेश पडला, तर पुढचे हात कोणासाठी जोडले आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. एखादे आजोबा दोन्ही वार्ता एकाच नजरेत वाचून नवागताच्या नावाखाली ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ असे लिहून मोकळे होतात, आणि ते चुकले आहेत हे त्यांना कळवण्याचे धैर्य ग्रुपमध्ये कोणालाही नसते. अशी वार्ता आल्यास दोन दिवस थांबावे. एरवी रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, नाश्ता होऊन जेवणाला अवकाश असताना, संदेश टाकणे श्रेयस्कर ठरते.

एक उदाहरण

पुण्यातील तीन विंगच्या एका कल्पित सोसायटीत बी-४०३ हा फ्लॅट विकत घेऊन राहायला आलेल्या एका गृहस्थांनी, ज्यांना येथे ‘क्ष’ म्हटले आहे, पुढील संदेश टाकला असे समजावे :

“सर्वांना मनःपूर्वक नमस्कार! आपल्या या सुंदर परिवाराचा नवा सदस्य होताना अत्यानंद होत आहे. मी क्ष. पत्नी आहारतज्ज्ञ आहे, चिरंजीव तबला शिकतात आणि ब्रूनो नावाचा आमचा लॅब्रेडॉर सर्वांचा लाडका होईल याची खात्री आहे. सोसायटीच्या कामात काहीही मदत लागली तर निःसंकोच सांगावे. ता. क. : आमची गाडी कुठे लावायची?”

या संदेशात अभद्र असा एकही शब्द नाही, तरीही त्याचे प्रत्येक वाक्य घातक आहे. पहिली अडचण ‘सदस्य’ या शब्दाची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सदस्य म्हणजे संस्थेने रीतसर प्रवेश दिलेली व्यक्ती. केवळ नोंदणीकृत खरेदीखत झाल्याने फ्लॅट ताब्यात येतो, सदस्यत्व येत नाही. त्यासाठी विहित नमुन्यात अर्ज द्यावा लागतो, हस्तांतरण शुल्क भरावे लागते आणि समितीने मंजुरी दिल्यावर भाग प्रमाणपत्रावर, म्हणजे ज्याला रहिवासी ‘शेअर सर्टिफिकेट’ म्हणतात त्यावर, नव्या मालकाचे नाव चढते. प्रत्येक सोसायटीत बँकेतून किंवा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असे एक तरी गृहस्थ असतात, की ज्यांनी उपविधींची, अर्थात सोसायटीच्या नियमावलीची, प्रत पेन्सिलीने खुणा करून वाचलेली असते. “आपले सदस्यत्व अद्याप मंजूर व्हायचे आहे, कृपया नोंद घ्यावी,” हे या संदेशाला आलेले पहिले उत्तर त्यांचे असते आणि ते कायदेशीरदृष्ट्या बिनचूक असते.

दुसरी अडचण गाळलेल्या माहितीची. क्ष यांनी फ्लॅटचा क्रमांक दिला नाही आणि मालकीचाही उल्लेख केला नाही, त्यामुळे ग्रुपने त्यांना भाडेकरू गृहीत धरले. भाडेकरूबद्दलचे औत्सुक्य निव्वळ सामाजिक नसते. फ्लॅट भाड्याने दिलेल्या मालकाकडून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे स्वतः न राहण्याबद्दलचा आकार, सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के इतका घेऊ शकते. त्यामुळे खजिनदारांनी “पोलीस पडताळणी झाली का? करारनाम्याची प्रत ऑफिसात द्यावी,” असे लिहिले, तर तो उद्धटपणा मानू नये; ते जमेची बाजू पाहत असतात.

कुटुंबवर्णनाचे परिणाम अधिक दूरगामी असतात. ‘आहारतज्ज्ञ’ हा शब्द वाचून त्याच संध्याकाळी थायरॉइड, मधुमेह आणि मुलाचे न वाढणारे वजन यांविषयी खासगी विचारणा सुरू होतात, ज्यांचे शुल्क विचारणे शेजारधर्मात बसत नाही. ‘तबला’ हा शब्द बी-३०३ व बी-५०३ या दोन फ्लॅटमध्ये विशेष काळजीपूर्वक वाचला जातो. ब्रूनोचे म्हणावे तर, कुत्रा सर्वांचा लाडका होईल ही खात्री मालकाने द्यायची नसते, कारण लिफ्टमध्ये कुत्रा नेण्याविषयीचा जुना वाद त्या एका वाक्याने पुन्हा सुरू होतो आणि त्यात दोन्ही पक्ष ब्रूनोचे नाव वापरतात.

सर्वांत महाग वाक्य मात्र मदतीचे आहे. समितीत काम करण्यास माणसे मिळत नाहीत ही बहुतेक सोसायट्यांची स्थायी अवस्था असून, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घेणे बंधनकारक असल्याने ऑगस्टपासून शोध तीव्र होतो. ‘निःसंकोच सांगावे’ हे शब्द अशा वेळी लेखी संमती म्हणून जपून ठेवले जातात आणि सदस्यत्व मंजूर होताच सुचवले जाणारे पहिले नाव क्ष यांचेच असते. गाडीचा प्रश्न तर जाहीरपणे विचारायचाच नसतो, कारण त्याला ग्रुपमधून एकाच वेळी अनेक उत्तरे येतात, ती परस्परविरोधी असतात, आणि त्यांतील निम्मी क्ष यांना उद्देशून नसून शेजाऱ्याला उद्देशून असतात.

सुधारित मसुदा

वरील दोष टाळून तोच संदेश असा लिहिता येतो :

“नमस्कार. बी-४०३, क्ष. फ्लॅट श्री. य यांच्याकडून खरेदी केला आहे; सदस्यत्वाचा अर्ज ऑफिसात दिला आहे. घरात तीन माणसे व एक कुत्रा. फरशीचे काम १५ तारखेपर्यंत चालेल, दुपारी बंद राहील. गाडीबाबत सचिवांशी बोललो आहे.”

फ्लॅटचा क्रमांक अगदी आरंभी ठेवण्याचे कारण असे की फोनच्या बंद पडद्यावर संदेशाच्या पहिल्या ओळीच दिसतात आणि अनेक रहिवासी तेवढ्याच वाचतात. जुन्या मालकाचे नाव देणे हा जामीन देण्याचा प्रकार आहे, परंतु श्री. य यांची मेंटेनन्सची बाकी राहिली असल्यास तोच उल्लेख उलटतो, म्हणून आधी ऑफिसात थकबाकीची चौकशी करावी. कुत्र्याचा उल्लेख नाव व स्वभाव वगळून केवळ संख्येने करावा. फरशीच्या कामाची तारीख खरी असावी, कारण १६ तारखेला सकाळी ड्रिलचा पहिला आवाज होताच या संदेशाचे छायाचित्र ग्रुपवर पुन्हा प्रकाशित होते.

संदेशोत्तर आचरण

पाठवलेल्या संदेशात चूक आढळल्यास १५ मिनिटांच्या आत ती दुरुस्त करता येते. तेथे दुरुस्तीची खूण उमटते, पण तिकडे कोणी लक्ष देत नाही. संदेश पुसून टाकणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण पुसल्याची नोंद मागे राहते आणि मूळ मजकुरापेक्षा तिच्यावर अधिक चर्चा होते. संदेश दाबून धरून पाहिले असता तो कोणी कोणी वाचला याची यादी मिळते, आणि वाचल्याची खूण बंद ठेवणाऱ्यांचीही नावे ग्रुपमध्ये त्या यादीत येतात. ही यादी एकदाच पाहावी, कोणाला बोलून दाखवू नये. स्वागत करणाऱ्या प्रत्येकास स्वतंत्र ‘धन्यवाद’ लिहिल्यास फोन वारंवार वाजून आधीच्या स्वागताचे पुण्य संपते, म्हणून रात्री एकदाच सर्वांचे आभार मानावेत.

या सर्व कसोट्यांवर संदेश उतरला की साधारण आठवड्याभरात नवागताला दुसऱ्या एका ग्रुपमध्ये घेतले जाते, ज्याचे नाव बहुधा ‘फक्त मालक’ असते. तेथे हाच आगमन-संदेश जसाच्या तसा चिकटवू नये. हा ग्रुप पहिल्या ग्रुपमधील काही माणसांविषयी मोकळेपणाने बोलता यावे एवढ्यासाठीच काढलेला असतो, आणि बी-४०३ मधील गृहस्थ त्या माणसांपैकी आहेत की नाहीत, याचा निर्णय तेथे नुकताच झालेला असतो.