मेथीचे लाडू, कडू

कॅप राउंडचा निकाल लागला की घरातले बाकीचे फीचा हिशेब मांडतात आणि आजी हरभऱ्याची डाळ मोजायला घेते. नातीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, या बातमीचा तिच्यापुरता अर्थ एवढाच असतो की आता मेटकूट करायला हवं.

हॉस्टेलला निघालेल्या नातवंडाची आजी ही जमात गावोगाव सापडते. सांगलीच्या या आजी त्यातलाच एक अस्सल नमुना. त्या स्वतः एक रात्रही हॉस्टेलात राहिलेल्या नाहीत. पण त्यांचे वडील कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहून शिकले. शाहू महाराजांनी १९०१ पासून तिथे निरनिराळ्या समाजांतल्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, हे नात पुस्तकात वाचते. आजींना मात्र बोर्डिंग म्हणजे वडिलांनी सांगितलेली पातळ आमटी. तेवढ्या आधारावर देशातल्या कुठल्याही मेसबद्दल त्या ठाम मत देऊ शकतात.

मेटकुटाच्या दिवशी स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाला थारा नसतो. वाटीभर हरभरा डाळीला अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीद डाळ, पाव वाटी गहू आणि चमचाभर मेथ्या. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण डाळीला रंग चढेपर्यंत मेथ्या जळून कडू होतात. मग हळद, हिंग, जिरं घालून दळायचं. सुनेने एकदा घाईत गरम पीठच डब्यात भरलं होतं. झाकणाला आतून घाम आला आणि आठवड्यात मेटकुटाचे खडे झाले. ती गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. आजी ती कालची असल्यासारखी सांगतात.

निघायच्या आदल्या रात्री चिठ्ठी लिहिली जाते. आईच्या सूचना व्हॉट्सॅपवर चालूच असतात, पण आजींचा कागदावर विश्वास. त्यातही कोरा कागद वापरणं म्हणजे उधळपट्टी, म्हणून कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची मागची बाजू. ही चिठ्ठी नातीला बस कराडच्या पुढे गेल्यावर चिवड्याच्या डब्यावर चिकटवलेली सापडली.

“चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद. दशम्या आज-उद्यात संपव, दुधातल्या आहेत, परवा वास येईल. त्यानंतर चिवडा. पावसाळी हवेत डबा उघडा राहिला तर तासाभरात सादळतो आणि मग तुझे आजोबासुद्धा खात नाहीत. सुक्या खोबऱ्याची चटणी महिन्याच्या आत संपव. जिभेच्या मागच्या बाजूला कडवट लागली की खवट झाली समज, टाकून दे, माझी आठवण म्हणून ठेवू नकोस. ओला चमचा कशातही घालायचा नाही. बुरशी दिसली तर वरचं खरवडून खालचं खायचं नाही, सगळं फेकायचं. मेसची भाजी गळ्याखाली उतरली नाही तर दहीभातावर मेटकूट घे. ते दिवाळीपर्यंत टिकेल.

कपडे दमट असताना कपाटात ठेवू नकोस, कुबट वास धुतला तरी जात नाही. सुईदोऱ्याच्या डबीत पाचशेची नोट आहे. ती रात्री उशीर झाला तर रिक्षासाठी, मैत्रिणींना पिझ्झा चारायला नव्हे.

‘मेथीचे लाडू, कडू’ अशी चिठ्ठी ज्या डब्यावर आहे, त्यात बेसनाचे आहेत. कुणाला सांगू नकोस.”

या शेवटच्या दोन ओळींत सगळी आजी आहे. आयुष्यभर सत्यनारायणाला बसलेली ही बाई नातीच्या वीस लाडवांसाठी बेधडक खोटं लेबल लावते. बेसन मंद आचेवर पाऊण तास परतलेलं असतं. कच्चं राहिलं तर लाडू टाळूला चिकटतो. एवढी मेहनत खोलीतल्या मुली पहिल्याच संध्याकाळी फस्त करतील, हे तिला न पाहताही दिसतं. त्यांच्यासाठी चिवडा मुद्दाम किलोभर जास्त आहेच, म्हणजे तिला कंजूषही म्हणता येत नाही.

बेत तसा पक्का होता. पण खोलीतली एक मुलगी विदर्भातली निघाली, तिला मेथीचे लाडू मनापासून आवडत. तिसऱ्या दिवशी तिने विचारून एक घेतला, आणि चौथ्या दिवशी डबा रिकामा झाला.

दिवाळीला नात पाच डबे घेऊन घरी आली. त्यातल्या एकात चौघींच्या सह्यांची चिठ्ठी होती: “आजी, पुढच्या वेळी मेथीचे कडू लाडू चाळीस पाठवा.” आजींनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आणि डबे मोजायला घेतले. मेटकुटाच्या डब्याला झाकण दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.