उणे आठ अंशांचं पाणी

माझ्या शिकवणीतली दहावीची मुलं दर वर्षी न चुकता एक नवल घडवतात. ती उणे 8.3 अंशांचं पाणी तयार करतात. बर्फ नव्हे, चक्क पाणी! शिवाय उत्तराला चौकट आखून मोकळी होतात.

गणित तसं गरीब. 30 अंशांच्या 200 ग्रॅम पाण्यात उणे 10 अंशांचा 100 ग्रॅम बर्फ टाकला, तर मिश्रणाचं तापमान किती? पोरं त्याला क्ष धरतात, पाण्यानं दिलेली उष्णता आणि बर्फानं घेतलेली उष्णता समोरासमोर मांडतात आणि समीकरण बिनचूक सोडवतात. घोळ आधीच झालेला असतो. सगळा बर्फ वितळणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

मी सांगतो, अरे, बर्फ म्हणजे पक्का सावकार. आधी त्याचा हिशेब बघा, मग क्ष धरा. पाण्याच्या खिशात किती? शून्य अंशापर्यंत उतरलं तर 200 गुणिले 30, म्हणजे 6000 कॅलरी. सावकाराचा पहिला हप्ता बर्फाला उणे 10 वरून शून्यावर आणायचा. बर्फाची विशिष्ट उष्मा धारकता पाण्याच्या निम्मी, म्हणून 500 कॅलरींत भागतं. मग खरी वसुली सुरू होते, ती अप्रकट उष्म्याची. दर ग्रॅमला 80 कॅलरी, म्हणजे 8000! आणि एवढं गिळून तापमान तसूभरही हलत नाही. पाण्याकडे उरलेत 5500. त्यांत जेमतेम 69 ग्रॅम बर्फ वितळतो, 31 ग्रॅम तसाच तरंगत राहतो आणि तापमान शून्य. क्ष काढायची गरजच पडली नाही. हेच पाणी 60 अंशांचं असतं, तर 12000 कॅलरींत सावकाराचं सगळं देणं फिटलं असतं, आणि मग समीकरणानंही 11.7 अंश असं शहाण्यासारखं उत्तर दिलं असतं.

हे झालं कागदावरचं. प्रॅक्टिकलला हाच 80 चा आकडा काढायचा असतो. बर्फ टिपकागदानं नीट पुसून कॅलरीमापीत टाका, असं मी घसा फोडून सांगतो. कारण 20 ग्रॅम ओल्या बर्फात 2 ग्रॅम पाणीच असेल, तर ते आधीच वितळून बसलेलं. त्याला वितळायला कोण कशाला उष्णता देईल? पण वजनात ते बर्फ म्हणून मिरवतं, आणि उत्तर 80 ऐवजी 72 येतं.

त्यामुळे वहीत 72 दिसलं, की ओल्या बर्फाचे मार्क कापून मी सही करतो. 79 वाल्याची पाठ थोपटतो. बरोब्बर 80.0 आणणाऱ्याला मात्र विचारतो, ‘‘बाळ, कुणाच्या वहीतून?’’