कबुलीचा रकाना कोरा

सप्टेंबर २०२४ मध्ये अर्न्स्ट अँड यंग, म्हणजे ईवाय, या बड्या ऑडिट कंपनीने एक निवेदन काढलं. जेमतेम पाच-सहा वाक्यांचं. पुण्याच्या ऑफिसात ऑडिटला असलेली २६ वर्षांची सीए मुलगी जुलैमध्ये गेली होती. तिच्या आईने कंपनीचे भारतातले अध्यक्ष राजीव मेमाणी यांना लिहिलेलं पत्र देशभर फिरलं, तेव्हा कुठे कंपनीने तोंड उघडलं. बहुतेक बातम्यांनी निवेदनाचा सारांश एका ओळीत उरकला: कंपनीने दुःख व्यक्त केलं. हा सारांश नव्हे, ही कंपनीची बाजू फुकटात पोचवणं झालं.

नाशिकची पोरं सीए होतात, इंजिनिअर होतात आणि पुण्याला जातात. रविवारी संध्याकाळी द्वारका चौकात पाठीवर लॅपटॉपची सॅक अडकवून पुण्याच्या गाडीची वाट बघत उभी असतात. त्यांच्या आईबापांना असलं निवेदन वाचता यायला हवं. रीत सोपी आहे. कागदावर तीन रकाने पाडायचे. घडलं काय, कबूल काय केलं, उत्तर कशाचं दिलं नाही. मग निवेदनातलं एकेक वाक्य उचलायचं आणि ज्या रकान्यात बसेल तिथे ठेवायचं. कुठेच बसलं नाही, तर ते सजावट म्हणून बाजूला काढायचं.

घडलं काय, हा रकाना पहिल्या फटक्यात भरल्यासारखा वाटतो. ती एस. आर. बाटलीबॉय या ईवायच्या सदस्य फर्मच्या पुण्यातल्या ऑडिट टीममध्ये होती. १८ मार्च २०२४ ला रुजू झाली. चार महिन्यांचा अल्पकाळ तिथे होती. जुलैमध्ये तिचं निधन झालं. सगळं तपासता येण्याजोगं, आणि सगळं तिच्या आईला आधीच ठाऊक असलेलं. आईने पत्रात जे लिहिलं होतं, त्यातलं मात्र एक अक्षर इथे नाही. रात्री उशिरापर्यंत काम, सुट्टीच्या दिवशी काम, ठरलेल्या कामाखेरीज तोंडी सांगितलेली जादा कामं, हे सगळं पत्रात होतं. सारांश करणाऱ्याने ते स्वतः आणून या रकान्यात ठेवायला हवं, पण ‘आईचं म्हणणं’ असं स्पष्ट लिहून. कामाच्या ताणाने मृत्यू झाला, असं ठाम विधान आपण करायचं नाही, कारण तेही सिद्ध झालेलं नाही. ज्याचं म्हणणं त्याच्या नावावर, हा नियम दोन्हीकडे सारखाच लावायचा.

आता कबुली. एखादं वाक्य कबुली आहे की नाही, हे ओळखायला मी दोन गोष्टी बघते. कर्ता कोण, आणि चूक कोणती. ईवायच्या निवेदनात दुःख आहे, शोक आहे, भरून न येणारी हानी आहे. कुटुंबाला सर्व मदत केली आणि पुढेही करू, असं आहे. कोणती मदत, ते नाही. कुटुंबाचं पत्र अत्यंत गांभीर्याने आणि नम्रतेने घेत आहोत, असं आहे. गांभीर्याने घेऊन करणार काय, चौकशी कोण करणार, किती दिवसांत, ते नाही. शेवटचं वाक्य म्हणतं, आमच्या एक लाख लोकांसाठी कामाची जागा निरोगी व्हावी म्हणून सुधारणेचे मार्ग शोधत राहू. सुधारणा करायची म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार. ते काय, हे सांगायला मात्र वाक्य तयार नाही. रकाना कोरा.

आणि तो चार महिन्यांचा अल्पकाळ. तारीख दिल्यावर काळ मोठा की छोटा हे वाचणाऱ्याला कळतं. तरी ते मुद्दाम सांगितलं आहे, कारण त्यातून एक युक्तिवाद न मांडता मांडता येतो: इतक्या थोड्या दिवसांत आमच्यामुळे काय होणार? मला या वाक्याचा राग येतो. शोकसंदेशात बचावाचा पाया घालू नये.

पुढे मेमाणी यांनी लिंक्डइनवर लिहिलं. अंत्यसंस्काराला कंपनीतून कोणी गेलं नव्हतं, ही आईची मोठी जखम होती. ते त्यांनी मान्य केलं. आमच्या संस्कृतीत न बसणारी गोष्ट झाली, यापूर्वी असं झालं नव्हतं आणि पुन्हा होणार नाही, अशा आशयाचं ते लिखाण होतं. ही कबुली आहे. चुकलं कोण आणि काय, दोन्ही त्यात आहे. तेवढं प्रामाणिकपणे दुसऱ्या रकान्यात नोंदवायला हवं. पण ही कबुली मृत्यूनंतरच्या वागण्याची आहे. मृत्यूआधीच्या चार महिन्यांबद्दल त्यांचं म्हणणं वर्तमानपत्रांत आलं ते वेगळंच: तिला इतरांसारखंच काम दिलं होतं, कामाच्या ताणाने तिचा जीव गेला असं आम्हाला वाटत नाही. हे कंपनीचं मत आहे. ते घडलेल्या गोष्टींच्या रकान्यात ढकललं, की सारांश फसला.

तिसरा रकाना खरा. ऑडिट फर्ममध्ये टाइमशीट असते. कोणत्या ग्राहकाच्या कामावर कोणी किती तास दिले, हे भरावं लागतं, कारण कामाचं बजेट आणि बिल त्या तासांवर बेततं. त्यामुळे तिने आठवड्याला किती तास काम केलं, या प्रश्नाला कंपनीच्याच संगणकात काहीतरी उत्तर असणार. ते पूर्ण असेलच असं नाही. बजेटपेक्षा जास्त लागलेले तास न दाखवण्याची सवय या धंद्यात जुनी आहे, आणि तोंडी सांगितलेलं काम तर शीटवर येतच नाही. म्हणूनच शीटबरोबर रात्रीच्या ईमेलच्या वेळा, लॅपटॉपवरच्या लॉगिनच्या वेळा आणि ऑफिसच्या दारावरच्या कार्डाच्या नोंदी जुळवून बघायला हव्यात. निवेदनात याबद्दल एकही वाक्य नव्हतं.

दुसरी न बोललेली गोष्ट बाहेरून कळली. राज्याच्या कामगार खात्याने पुण्याचं ऑफिस तपासलं, तेव्हा २००७ पासून चालू असलेल्या त्या ऑफिसची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती, असं खात्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. अर्ज केला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि इतकी वर्षं अर्ज न केल्यामुळे तो फेटाळला गेला. याच कायद्यात २०२४ मध्ये दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, वर काम घेतलं तर दुप्पट पैसे होते. व्यवस्थापकीय आणि गोपनीय पदांना कायद्यात सूट आहे, त्यामुळे नवख्या सीएला तो लागू होतो की नाही यावर वकील भांडतील. भांडू देत. पण जी फर्म दुसऱ्या कंपन्यांची कागदपत्रं तपासून सह्या करते, तिच्याच ऑफिसचा हा कागद सतरा वर्षं कोणी का केला नाही, हे तिने सांगायला हवं होतं.

म्हणून माझ्या कागदावर तिसऱ्या रकान्यात दोनच ओळी आहेत. १८ मार्चपासून शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत, आठवडावार तास किती? आणि २००७ ते २०२४ नोंदणीचा निर्णय कोणाच्या टेबलावर अडला होता?