मावशींचा मस्टर

कर्जतमध्ये (आपलं, श्री गोदड महाराजांचं, मुंबईची लोकल जाते ते नव्हे) धुणंभांडी करणाऱ्या मावशींचे खाडे आजवर कालनिर्णयवर असायचे. दूधवाल्याच्या खाड्याशेजारी एक फुली मारली की झालं. महिनाअखेर वहिनी आणि मावशी दोघी त्या भिंतीसमोर उभ्या राहायच्या आणि त्यातल्या दोन फुल्यांवर वाद व्हायचा. आता ती फुली साहेबांच्या मोबाइलमध्ये गेली आहे. ॲप हजेरी मांडतं, उचल धरतं आणि पगार पैशापर्यंत काढून देतं. वादही मिटला, कारण मावशींना फुली दिसतच नाही.

एका जुलैचा हिशेब मांडून बघू. पगार तीन हजार. आषाढ वद्य एकादशीला रथयात्रा, घरी पाहुणे, म्हणून मावशींचे दोन खाडे झाले. एक दिवस सकाळी आल्या, संध्याकाळी नाही. मधले तीन दिवस साहेबच सहकुटुंब तुळजापूरला गेले होते आणि दाराला कुलूप होतं. मावशींनी महिन्याच्या सुरुवातीला पोरीच्या वह्या-गणवेशासाठी दोन हजारांची उचल घेतली होती, दरमहा पाचशे कापायचे ठरलेले.

आता ॲपची करामत बघा. काही ॲपमध्ये रोज ‘हजर’ दाबावं लागतं आणि न दाबलेला दिवस गैरहजर धरला जातो. तुळजापुरात दर्शनाच्या रांगेत उभं राहून ‘मावशी हजर’ कोण दाबणार? म्हणजे ते तीन दिवसही मावशींच्या नावावर. एकूण खाडे साडेपाच. तीन हजार भागिले 31, गुणिले साडेपाच, कपात 532 रुपये 26 पैसे. उचलीसमोर हप्त्याचा रकाना रिकामा राहिला, म्हणून अख्खे दोन हजार एकदम वळते. हातात 467 रुपये 74 पैसे. साहेब स्क्रीन दाखवून म्हणतात, “मावशी, मी नाही, मशीन सांगतंय.”

तोच महिना माणसाच्या रीतीने मांडला, तर कुलपाचे तीन दिवस मावशींचे खाडे नाहीतच. महिन्याला दोन सुट्ट्या भरपगारी ठरवल्या असतील, तर यात्रेचे दोन दिवसही गेले. उरला अर्धा दिवस, म्हणजे 48 रुपये 39 पैसे. हप्ता पाचशे. हातात 2451 रुपये 61 पैसे, आणि उचलीचे दीड हजार पुढच्या महिन्यांवर. मशीन तेच, भागाकार तोच. फरक पडला तो सुरुवातीला भरायच्या तीन रकान्यांनी: न नोंदलेला दिवस काय धरायचा, भरपगारी सुट्ट्या किती आणि उचलीचा हप्ता केवढा. हे रकाने भरताना मावशी शेजारी उभ्या नसतात. त्या मोरीत असतात.

तो अर्धा दिवसही तपासण्यासारखा आहे. सकाळी केर, फरशी, धुणं आणि रात्रीची भांडी. संध्याकाळी फक्त दुपारची चार ताटं. ॲपच्या लेखी दोन्ही अर्धे-अर्धे. शिवाय भागाकार महिन्याच्या दिवसांनी होत असेल, तर फेब्रुवारीतला एक खाडा 107 रुपयांना पडतो आणि जुलैतला 97 ला. काम तेवढंच, पगारही तोच. भाव दिनदर्शिकेने वाढवला. कायम तीसने भागायचं असं एकदा ठरवलं, तर बारा महिने शंभराचा सरळ दर राहतो. पण तेवढी सेटिंग शोधायला साहेबांना सवड होत नाही.

बरं, पाहुणे आले म्हणून दुप्पट भांडी, उन्हाळ्यात कुरडया घालायला दुपारभर थांबणं, याला बऱ्याच ॲपमध्ये बटणच नसतं. असलंच तर ‘बोनस’ या सदरात, म्हणजे साहेबांच्या मर्जीत. महिन्याची पावती व्हॉट्सॲपवर पाठवायची सोय मात्र अनेकांत असते. मावशींकडे बटणाचा फोन असला तरी लेकीच्या फोनवर ती जाऊ शकते. एवढं एकच बटण साहेबांनी अजून दाबलेलं नाही. उद्या त्यांचा फोन पाण्यात पडला, तर उचलीतले किती फिटले हे सांगायला एकच साक्षीदार उरेल आणि तिच्याकडे कागद नसेल.

भरपगारी रजा, आजारपणाची सुट्टी ही मागणी काही आजची नाही. पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 साली संप केला होता, तोही साध्या कॅलेंडरच्या काळात. पुढे 2008 मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. अठरा ते साठ वयाच्या बाईला मंडळाकडे नोंदणी करता येते, त्यासाठी जिथे काम करते त्या मालकाचा दाखला लागतो. मावशींनी तो मागितला, तेव्हा पैशापर्यंत हजेरी ठेवणारे साहेब म्हणाले, “अहो मावशी, तुम्ही तर घरच्याच. तुमचं-आमचं कागदोपत्री कशाला?”